मोठी टाइल: मालावर की ॲडहेसिव्हवर?

चार बाय दोन फुटांची व्हिट्रिफाइड टाइल उलटी करा, पाठ ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या आणि तिच्यावर पाण्याचे दोन-चार थेंब टाका. पाच मिनिटांनीही ते जवळपास तसेच दिसतील. भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइलच्या पाठीवर तेच थेंब पाहता पाहता जिरतात. भिंतीची टाइल स्वतःच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक पाणी पिते, तर व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहून कमी. फरशीचा माल वापरायचा की ॲडहेसिव्ह, या प्रश्नाचे मूळ इथेच आहे.

साध्या सिमेंटची पकड टाइलच्या बारीक छिद्रांवर अवलंबून असते. ओले सिमेंट त्या छिद्रांत ओढले जाते, तिथेच त्याचे स्फटिक वाढतात आणि पृष्ठभागात अडकून बसतात. व्हिट्रिफाइड टाइलला अशी छिद्रे जवळजवळ नसतातच. त्यामुळे सिमेंटची स्लरी तिच्या पाठीला टेकते, पण तिला धरून ठेवत नाही. ॲडहेसिव्हच्या पिशवीतही मुख्यतः सिमेंट आणि बारीक वाळूच असते. फरक पडतो तो त्यात मिसळलेल्या पॉलिमरमुळे. तो गुळगुळीत पाठीलाही चिकटतो आणि सुकल्यावर थोडी लवचीकता ठेवतो.

‘जमिनीवरची टाइल कुठे पडणार आहे? मग एवढी पकड हवी कशाला?’ असे पुष्कळ मिस्त्री विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण नव्या इमारतीतला स्लॅब पुढे बराच काळ किंचित आकसत राहतो; टाइल आकसत नाही. शिवाय तापमान चढते-उतरते. जुन्या लहान फरश्यांत सांधे भरपूर असायचे आणि हा ताण त्यांत वाटला जायचा. मोठ्या टाइलांत सांधे मोजके, आणि तेही ‘जॉइंट दिसायला नको’ म्हणून घट्ट मिटवलेले. अशा वेळी पकड सुटलेल्या दोन टाइला एकमेकींना रेटतात आणि एखाद्या दिवशी आवाज करत तंबूसारख्या वर उचलल्या जातात. दुसरे नुकसान हळूहळू होते. टाइलखाली पोकळी राहिली, तर कपाटाच्या पायाखाली किंवा जड वस्तू पडली तिथे ती तडकते.

मालाच्या पद्धतीत पोकळी राहते कशी, तेही पाहू. चार बाय दोनची ९ मिलिमीटर जाडीची टाइल सुमारे १५ किलोची असते. दीड-दोन इंच माल पसरून, वर स्लरी ओतून ती ठेवली, की रबरी हातोड्याने ठोकून पातळीत आणावी लागते. माल सगळीकडे सारखा दबत नाही. एक कोपरा खाली गेला, की दुसरा उचलला जातो आणि खाली हवा अडकते. मग माल सुकताना आणखी थोडा आकसतो.

यावर ‘माल बंद, सगळे ॲडहेसिव्हवर’ हा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. माल दोन कामे करतो: जमीन पातळीत आणणे आणि टाइल चिकटवणे. पहिले काम तो उत्तम करतो, दुसऱ्यात मोठ्या व्हिट्रिफाइड टाइलपुरता कमी पडतो. ॲडहेसिव्हचे नेमके उलटे आहे. साधे ॲडहेसिव्ह काही मिलिमीटरच्या थरासाठी बनवलेले असते. खड्डे भरायला ते जाड थापले, तर सुकताना ते आकसते आणि टाइल खाली खेचली जाते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: पातळी मालाने करावी, पकड ॲडहेसिव्हने.

उदाहरणादाखल १२ बाय १५ फुटांचा हॉल घ्या. जुनी फरशी काढल्यावर ठरलेल्या पातळीपर्यंत ५५ मिलिमीटर जागा आहे. त्यात एकास चार मालाचा ४० मिलिमीटरचा कोबा घालायचा. उरलेल्या १५ मिलिमीटरमध्ये ९ ची टाइल आणि पाचेक मिलिमीटर ॲडहेसिव्ह बसते. कोबा गुळगुळीत घोटायचा नाही, रंध्याने खरबरीत ठेवायचा. दहा फुटी सरळ पट्टी कुठेही फिरवली, तरी खाली ३ मिलिमीटरहून मोठी फट दिसता कामा नये. कोब्यावर आठवडाभर पाणी मारावे आणि मग तो सुकू द्यावा. २८ दिवस थांबता आले, तर फारच चांगले.

आता पिशव्यांचा हिशेब. हॉल १८० चौरस फुटांचा. २० किलोची पिशवी साधारण ५० चौरस फुटांना पुरते असे सांगितले जाते, म्हणून ठेकेदार चार पिशव्या मागवतो. पण तो आकडा ३ मिलिमीटरच्या थराचा असतो. मोठ्या टाइलला १० मिलिमीटर दात्यांची थापी लागते आणि टाइलच्या पाठीवरही पातळ हात मारावा लागतो. त्यामुळे याच हॉलला सहा पिशव्या लागतील. चारच पिशव्यांत काम उरकले असेल, तर थर अपुरा पडल्याची शंका घ्यायला हरकत नाही.

पिशवी घेताना तिच्यावर आय. एस. १५४७७ हे मानक आणि टाइप पाहा. टाइप १ साध्या सिरॅमिक टाइलसाठी असतो. मोठ्या व्हिट्रिफाइडला निदान टाइप २ हवा, आणि जुन्या फरशीवरच नवी बसवायची असेल तर टाइप ३.

बसवताना टाइलची पाठ आधी ओल्या फडक्याने पुसावी. भट्टीतली पांढरी भुकटी तिथे राहिली, तर ॲडहेसिव्ह टाइलला न चिकटता त्या भुकटीलाच चिकटते. पिशवीवर लिहिले असेल तेवढेच पाणी घालावे, पाच मिनिटे ठेवून पुन्हा ढवळावे. थापीच्या रेघा एकाच दिशेने, टाइलच्या आखूड बाजूला समांतर ओढाव्यात, म्हणजे टाइल दाबली की हवा कडेने निघून जाते. गोल गोल फिरवलेल्या रेघांत ती कोंडते. पसरलेल्या थराची पकड वीसेक मिनिटेच टिकते, उन्हाळ्यात पंख्याखाली त्याहूनही कमी. म्हणून एका वेळी एक-दोन टाइलांपुरतेच पसरावे.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे चार कोपऱ्यांत आणि मध्ये असे पाच गोळे ठेवून टाइल दाबणे. नाव ॲडहेसिव्हचे, पण टाइलखाली निम्मी जागा रिकामीच. मालात मूठभर ॲडहेसिव्ह टाकणेही निरुपयोगी. तेवढ्याने पकड वाढत नाही. आणि ॲडहेसिव्ह उत्तम असले, तरी टाइलांमध्ये २-३ मिलिमीटरचा स्पेसर आणि भिंतीलगत ८-१० मिलिमीटरची फट हवीच. ती फट स्कर्टिंगखाली झाकली जाते. तिच्यात माल भरू देऊ नका.

शहाबादी, कोटा किंवा लहान सिरॅमिक टाइल लावणार असाल, तर मात्र ॲडहेसिव्हवर पैसे घालवण्याची गरज नाही. शहाबादीची पाठ खडबडीत असते, जाडी कमी-जास्त असते आणि तो फरक मालच सांभाळून घेतो. तिथे चांगला माल हीच योग्य निवड.

ठेकेदाराशी बोलताना कोबा आणि टाइल बसवणे ही दोन कामे वेगळी लिहून घ्या, आणि दर चौरस फुटाला किती किलो ॲडहेसिव्ह तेही लिहा. पहिल्या दिवशी साइटवर थांबून नुकतीच बसवलेली एक टाइल उचलायला सांगा. पाठीचा निदान ८० टक्के भाग ॲडहेसिव्हने भरलेला असावा, बाथरूममध्ये ९५ टक्के. तेवढा नसेल, तर काम तिथेच थांबवून मोठ्या दात्यांची थापी मागवा.