अपूर्णांकाचा प्रश्न काढताना पर्याय तपासा

वरुडच्या संत्राबागेवर पहिला प्रश्न: ४/७ बागेला पाणी दिलं की २/५ बागेला, जास्त कुठे? आकडे मोठे म्हणून ४/७ निवडणारं पोरगंही बरोबर ठरतं, म्हणजे समज कळलीच नाही. म्हणून जोडीला दुसरा द्या: ४/७ की ५/१२? आता तेच पोरगं ५/१२ वर फसतं. उलट ‘छेद लहान तो मोठा’ पाठ केलेलं पहिल्यात चुकतं. अर्ध्याशी ताडून पाहणारं दोन्ही सोडवतं, लसाविशिवाय.

वरची पायरी: १२/१३ + ७/८ कशाच्या जवळ? १, २, १९, २१. अमेरिकेच्या १९७८ च्या राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या फक्त २४ टक्के मुलांनी २ निवडलं. १९ म्हणजे नुसते अंश मिळवले, २१ म्हणजे छेद. मात्र ‘अचूक बेरीज करा’ लिहिलंत, की पुन्हा लसाविच तपासाल.