राजीनामा दोन भाषांत, तारीख मात्र एकच

पुण्यातल्या मध्यम आकाराच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतला सीनियर इंजिनीअर समोर ठेवू. घर कोल्हापूरचं, शिरोली एमआयडीसीत वडील आणि काकांची फौंड्री. काका थकलेत, वडिलांना एकट्याने ऑर्डरी आणि कामगार दोन्ही सांभाळणं जमत नाही, म्हणून मुलगा परत चालला आहे. कंपनीचे संस्थापक मराठी. पाच वर्षांपूर्वी त्याची मुलाखत त्यांनी स्वतःच घेतली होती. त्यामुळे त्याला दोन पत्रं लिहायची आहेत: पोर्टलवर चढवायचं इंग्रजी आणि सरांच्या हातात द्यायचं मराठी.

लिहायला बसल्यावर बहुतेकांचं सगळं लक्ष कारणाच्या परिच्छेदाकडे असतं. खरं तर त्या कारणात एचआरला फारसा रस नसतो. त्यांना हवी असते तारीख. आयटी कंपन्यांत नोटीस पिरियड सहसा 90 दिवसांचा. काही ठिकाणी 60 किंवा 30 चा. आपला किती आणि तो कोणत्या दिवसापासून मोजतात, हे नेमणूकपत्रात लिहिलेलं असतं. राजीनामा सरांना तोंडी सांगितला तो दिवस सहसा धरत नाहीत, पोर्टलवर ‘सबमिट’ केला तो धरतात.

आपला इंजिनीअर 14 डिसेंबर 2020 ला रुजू झाला. वडील म्हणाले, दिवाळीपर्यंत ये. म्हणून त्याने 1 सप्टेंबर 2025 ला राजीनामा टाकायचं ठरवलं. तो दिवस धरून नव्वदावा दिवस येतो 29 नोव्हेंबरला. म्हणजे दिवाळी तशीही हुकलीच, शिवाय पाच वर्षं पुरी व्हायला पंधरा दिवस कमी पडले. कायम नोकरदाराला ग्रॅच्युइटी मिळण्यासाठी सलग पाच वर्षांची सेवा लागते. हिशेब असा: शेवटचं वेतन, म्हणजे मुख्यतः मूळ पगार आणि महागाई भत्ता, यांना 15 ने गुणायचं, 26 ने भागायचं आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचं. असं वेतन 60,000 रुपये धरलं, तर पाच वर्षांचे होतात सुमारे 1,73,000 रुपये. चार वर्षं पूर्ण आणि पाचव्यात 240 दिवस भरले तरी पुरे, असा अर्थ मद्रास उच्च न्यायालयाने लावलेला आहे. पण प्रत्येक कंपनी तो मुकाट्याने मानेल असं नाही. ज्याला उद्या भट्टी चालवायची आहे त्याने कोर्टाच्या पायऱ्या कशाला चढायच्या? त्याने राजीनामा 17 सप्टेंबरला टाकावा. नव्वदावा दिवस येतो सोमवारी, 15 डिसेंबरला, आणि पाच वर्षं आदल्या दिवशीच भरलेली असतात.

इंग्रजी पत्र मग चार वाक्यांत संपतं: ‘आय हिअरबाय रिझाइन फ्रॉम माय पोझिशन ॲज सीनियर सॉफ्टवेअर इंजिनीअर. ॲज पर माय नाइन्टी-डे नोटिस पिरियड, माय लास्ट वर्किंग डे विल बी 15 डिसेंबर 2025. आय ॲम लीव्हिंग टु जॉइन माय फॅमिली बिझनेस. आय विल कम्प्लीट द हँडओव्हर ऑफ माय वर्क बिफोर दॅट डेट.’ खाली नाव, कर्मचारी क्रमांक, तारीख. आभाराचं एक वाक्य घातलं तर बिघडत नाही.

यात दोन गोष्टी मुद्दाम नाहीत. पहिली म्हणजे ‘शक्य झाल्यास लवकर मोकळं करावं’ ही विनंती. ती बहुतेक नमुन्यांत असते आणि विचार न करता उतरवली जाते. कंपनीने ती मान्य करून 30 नोव्हेंबरला मोकळं केलं, तर शेवटचा दिवस मागे सरकतो आणि वर केलेला ग्रॅच्युइटीचा हिशेब कोसळतो. वर उरलेल्या पंधरा दिवसांचा पगार कापला जाऊ शकतो, तोही मूळ पगारावर की एकूण पगारावर, ते पुन्हा नेमणूकपत्र ठरवतं. दुसरी म्हणजे ‘मी सध्या शनिवार-रविवारी फौंड्रीचं काम पाहतोच आहे’ हे प्रामाणिक वाक्य. नोकरीत असताना दुसरा धंदा करायचा नाही, हे कलम बऱ्याच नेमणूकपत्रांत असतं. 2022 मध्ये विप्रोने 300 जणांना स्पर्धक कंपन्यांसाठी काम केल्याच्या कारणावरून काढलं होतं. कास्टिंगचा कारखाना सॉफ्टवेअर कंपनीचा स्पर्धक नव्हे, हे खरं. तरीही फौंड्रीच्या भागीदारीत नाव घालायचं असेल तर ते 15 डिसेंबरनंतर घालावं.

घरचा धंदा हे कारण सांगण्यात एक फायदाही आहे. दुसऱ्या कंपनीची ऑफर असती तर पगार वाढवून थांबवण्याची घासाघीस झाली असती. इथे ती फारशी होत नाही.

मराठी पत्राची गोष्ट वेगळी. इंग्रजीत जे मावत नाही ते इथे सांगता येतं:

‘आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.
आज मी पोर्टलवर माझा राजीनामा दिला आहे. 15 डिसेंबर 2025 हा माझा कामाचा शेवटचा दिवस असेल. शिरोलीतली आमची फौंड्री इतकी वर्षं वडील आणि काकांनी चालवली. आता काकांची तब्येत साथ देत नाही आणि वडिलांना माझी गरज आहे.
कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलाला तुम्ही घेतलंत, चुका करू दिल्यात आणि त्या निस्तरायला शिकवलंत. हे मी विसरणार नाही. माझ्याकडचं काम सहकाऱ्यांना नीट समजावून, लेखी नोंदींसह सोपवून जाईन.
हे पत्र आपल्या माहितीसाठी आहे. राजीनाम्याबाबत पोर्टलवरचा इंग्रजी मजकूरच ग्राह्य धरावा.
आपला नम्र’

शेवटच्या दोन ओळी कोरड्या वाटतील, पण त्या असाव्यात. मराठीत लिहिताना आपण सैल होतो. ‘दिवाळीनंतर निघेन’, ‘तुम्ही म्हणाल तेव्हा जाईन’, ‘कधीही हाक मारा’ ही वाक्यं सहज येतात. पहिल्या दोन वाक्यांनी इंग्रजीतली तारीख डळमळीत होते. तिसऱ्याने जानेवारीत, भट्टी तापलेली असताना, सर्व्हर बंद पडल्याचा फोन येतो. मदत करायची असेल तर जरूर करावी, पण तसं वचन कागदावर देऊ नये.

आणि मन बदललं तर? कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याने 2013 मध्ये राजीनामा दिला, 2014 मध्ये तो मागे घेतला आणि कंपनीने मात्र तो आधीच स्वीकारल्याचं सांगितलं. ती स्वीकृती त्याला कळवल्याचं दिसत नाही, ते अंतर्गत टिपण होतं, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला. कोकण रेल्वे ही सरकारी कंपनी. खाजगी नोकरीत असा आधार मिळेलच असं नाही. पण राजीनामा स्वीकारल्याचा लेखी मेल मागून घेणं दोन्ही बाजूंच्या सोयीचं आहे, हे त्यावरून कळतं. त्या मेलमध्ये 15 डिसेंबर हीच तारीख आहे ना, ते पाहावं. पोर्टलने कधी स्वतःच मोजून 14 टाकलेली असते, कधी सुट्टीचे दिवस जोडून पुढे ढकललेली असते. दुरुस्ती त्याच आठवड्यात मागावी, शेवटच्या आठवड्यात कोणी ऐकत नाही.

मधल्या नव्वद दिवसांत केटी म्हणजे काम सोपवणं, लॅपटॉप परत देणं, नो ड्यूजच्या सह्या हे सगळं आपापल्या गतीने होतं. कंपनीचा मेल मात्र शेवटच्या दिवशी बंद होतो आणि त्यातलं काहीच पुन्हा उघडता येत नाही. म्हणून राजीनाम्याची प्रत, स्वीकृतीचा मेल, नेमणूकपत्र आणि पगाराच्या स्लिपा आधीच आपल्या खाजगी मेलवर ठेवा. कंपनीचा कोड किंवा ग्राहकाची एकही फाईल त्यांच्यासोबत जाऊ देऊ नका.