एफ-१२, एफ-१३ आणि आठ मिनिटं

नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीत पूर्वी एक छापील तक्ता असायचा. त्याला ‘प्लॅन’ म्हणत. वर नाटकाचं नाव आणि प्रयोगाची तारीख, खाली रांगांप्रमाणे खुर्च्यांचे चौकोन. खुर्ची विकली की खिडकीतले गृहस्थ पेनाने फुली मारत. ओळखीतल्या कुणी फोन केला, “दोन चांगल्या ठेवा, संध्याकाळी घेऊन जातो,” की त्या चौकोनांत पेन्सिलीने आडनाव पडे. प्रयोगाची वेळ जवळ आली आणि आडनाव काही उगवलं नाही, की खोडरबर फिरे आणि बाहेर ताटकळणाऱ्याला त्या खुर्च्या मिळत.

तिकिटांची वेबसाइट हेच करते. तुम्ही खुर्च्या निवडता, पडद्यावर ८ मिनिटांचं घड्याळ उलटं धावू लागतं, आणि तेवढ्या वेळात पैसे भरले नाहीत तर खुर्च्या जातात. फरक दोनच. खिडकीत प्लॅन एक आणि हातही एकच होता. इथे एकाच प्लॅनवर शेकडो हात एकदम उतरतात. आणि तिथे पैसे समोरच्या गल्ल्यात पडत. इथे ते तिसऱ्याच घरी, बँकेत असतात. सगळी गुंतागुंत या दोन फरकांतून येते.

एक प्रसंग कल्पू. पुण्यातला रविवारचा प्रयोग, सोमवारी सकाळी १० वाजता बुकिंग सुरू. कोथरूडच्या एक बाई आणि हडपसरचा एक तरुण, दोघांच्याही फोनवर एफ-१२ आणि एफ-१३ रिकाम्या दिसताहेत. दिसताहेत म्हणजे काही सेकंदांपूर्वी होत्या. फोनवरचा नकाशा हा सर्व्हरवरच्या प्लॅनचा फोटो असतो, आणि फोटो काढल्यापासून शिळा होत जातो. म्हणूनच कधीकधी हिरव्या खुर्चीवर बोट ठेवलं तरी ‘ही जागा नुकतीच गेली’ असं उत्तर येतं.

१० वाजून १ मिनिट ५ सेकंदांनी दोघांनीही बटण दाबलं. आता सर्व्हरने आधी पाहिलं, ‘खुर्च्या रिकाम्या आहेत ना?’ आणि मग खूण केली, तर घोटाळा ठरलेला. पाहणं आणि खूण करणं यांत फट राहते, मग ती सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढी का असेना. त्या फटीत दोघांनाही ‘रिकाम्या’ असं उत्तर मिळतं आणि दोघांचीही खूण होते. नवशिक्याने लिहिलेल्या प्रणालीत हा दोष हमखास सापडतो. गंमत म्हणजे चाचणीत तो दिसत नाही, कारण चाचणी करणारा माणूस एकटा असतो. तो दिसतो तो गर्दीच्या दिवशी, एकाच खुर्चीपाशी दोन कुटुंबं तिकीट दाखवत उभी राहतात तेव्हा.

त्यामुळे डेटाबेसला विचारायचं नसतं, अटीसकट हुकूम द्यायचा असतो: ‘या दोन खुर्च्या रिकाम्या असतील तरच या बाईंच्या नावे कर, आणि किती केल्यास ते सांग.’ डेटाबेस हे एका दमात करतो. एकाचा हुकूम त्या ओळींवर चालू असताना दुसऱ्याला दाराशी थांबवतो. बाईंना उत्तर आलं, २. क्षणभराने तरुणाचा हुकूम चालला, तेव्हा अट खोटी ठरली होती. त्याला उत्तर आलं, ०. उत्तर १ असं आलं, म्हणजे दोनपैकी एकच खुर्ची हाती लागली, तर तीही सोडून द्यायची, कारण जोडप्याला एक खुर्ची देऊन काय उपयोग!

बाईंच्या नावापुढे आणखी एक गोष्ट लिहिली जाते आणि सगळी युक्ती तिच्यात आहे. ‘अडवलेली’ एवढीच नोंद होत नाही. कधीपर्यंत, तेही लिहिलं जातं: १०:०९:०५.

मुदत संपल्यावर सर्व्हरमधलं कुणीतरी येऊन खुर्च्या मोकळ्या करत असेल, अशी आपली समजूत असते. काही ठिकाणी तसा झाडूवाला प्रोग्राम असतोही. दर मिनिटाला फिरून तो मुदत टळलेल्या खुणा पुसतो. पण केवळ त्याच्या भरवशावर राहिलं आणि गर्दीत तोच बंद पडला, तर खुर्च्या अडकून बसतात. म्हणून पक्की रीत अशी, की पुसण्याची गरजच ठेवायची नाही. पुढचा माणूस खुर्ची मागेल तेव्हा अट तपासायची: रिकामी असेल, किंवा अडवलेली असूनही लिहिलेली वेळ उलटून गेली असेल, तर दे. ९ मिनिटं ५ सेकंद झाले की ती खूण आपोआप पोकळ होते. झाडूवाला आला तर नकाशा स्वच्छ दिसतो, नाही आला तरी विक्री अडत नाही.

वेळ सर्व्हरच्या घड्याळाची, हेही ओघानं आलं. तुमच्या पडद्यावरचे आकडे माहितीपुरते असतात. फोनचं घड्याळ मागे केलंत तरी एक सेकंदही वाढवून मिळत नाही. आणि तुम्ही पान बंद केलंत तर? बहुतेकदा सर्व्हरला ते कळतच नाही. हे मी स्वतः अनुभवलं आहे. फोनवर खुर्च्या निवडल्या, पडदा लहान वाटला म्हणून पान बंद करून लॅपटॉप उघडला, तर माझ्याच दोन खुर्च्या करड्या रंगात! कोण हा मेला माझ्या आधी पोचला, म्हणून चरफडत बसलो. तो मेला मीच होतो. कुठे ‘मागे’ किंवा ‘रद्द करा’ असं बटण असेल तर ते दाबून निघावं. त्यातून खुर्च्या सोडल्याचा निरोप सहसा सर्व्हरला पोचतो.

मिनिटं आठच का? काही ठिकाणी पाच असतात, काही ठिकाणी पंधरा. कमी ठेवली तर ओटीपी येईपर्यंत गिऱ्हाईक हातचं जातं. जास्त ठेवली तर ज्यांना घ्यायचंच नाही त्यांच्या खुणांनी सभागृह भरून जातं. समजा, ९०० खुर्च्यांपैकी ६०० पहिल्या दोन मिनिटांत अडवल्या गेल्या आणि त्यांतल्या एक तृतीयांश लोकांनी पैसे भरले नाहीत. बायकोला विचारलं, दर जास्त वाटला, कार्ड चाललं नाही. मग दहा वाजून आठ ते दहा मिनिटांच्या दरम्यान २०० खुर्च्या परत बाजारात येतात. सुरुवातीला ‘सगळं गेलं’ म्हणून फोन ठेवून देणाऱ्याने पडद्यावरचं घड्याळ किती मिनिटांचं आहे ते पाहावं आणि तेवढ्यानंतर पुन्हा डोकावावं.

आता खरा अवघड भाग. खुर्चीची वही वेबसाइटकडे, पैशाची वही बँकेकडे. दोन घरांतल्या दोन वह्यांवर एकाच क्षणी सही करता येत नाही. मध्ये निरोप्या लागतो आणि निरोप्याला उशीर होतो.

आपल्या बाईंचा नवरा आधी फोन उचलेना. शेवटी १०:०८:४० ला त्यांनी यूपीआयचा पिन टाकला. बँकेने पैसे वळते केले, पण ‘मिळाले’ हा निरोप वेबसाइटला पोचला १०:०९:२० ला. दरम्यान १०:०९:०५ ला खूण पोकळ झाली होती, आणि हडपसरचा तरुण, जो पान पुन्हा पुन्हा ताजं करत होता, त्याने १०:०९:१० ला एफ-१२, एफ-१३ वर बोट ठेवलं. पैसे बाईंचे गेले, खुर्च्या तरुणाकडे. यात कुणाचीही लबाडी नाही.

शहाण्या वेबसाइट हे टाळायला थोडं खोटं बोलतात. गिऱ्हाइकाला ८ मिनिटं दाखवायची, वहीत मात्र १० किंवा १२ लिहायची, म्हणजे उशिरा येणाऱ्या निरोपाला वाव राहतो. पैशाच्या मागणीलाही स्वतःची मुदत घालायची, म्हणजे खूण पोकळ झाल्यावर पिन टाकताच येऊ नये. आणि ‘पैसे भरा’ दाबलं की खुर्चीची नोंद ‘पैसे वाटेत’ अशी बदलायची. मुदत संपली तरी त्या व्यवहाराचं काय झालं हे पेमेंट गेटवेला विचारल्याशिवाय ती खुर्ची दुसऱ्याला द्यायची नाही.

कार्डाच्या बाबतीत एक सोय जास्त आहे. तिथे आधी रक्कम फक्त अडवता येते आणि खुर्ची पक्की झाल्यावर वसूल करता येते. आयपीओचा अर्ज केल्यावर पैसे खात्यातच राहतात पण वापरता येत नाहीत, साधारण तसं. म्हणजे खुर्चीवरही पेन्सिल आणि पैशावरही पेन्सिल. नेहमीच्या यूपीआय व्यवहारात मात्र पिन टाकला की पेनच चालतं.

एवढं करूनही एखादा निरोप फारच उशिरा येतो. मग सर्व्हर पुन्हा तोच अटीचा हुकूम देऊन पाहतो. खुर्च्या अजून मोकळ्या असतील तर तिकीट पक्कं. नसतील तर परतावा. खुर्ची मात्र दोनदा विकायची नाही, कारण पैसे परत करता येतात, सभागृहात बसलेला माणूस उठवता येत नाही.

हा निरोप तुमच्या फोनमधून जात नाही, गेटवेकडून थेट वेबसाइटच्या सर्व्हरला जातो. त्यामुळे पिन टाकल्यावर ॲप अडकलं, बॅटरी गेली, तरी तिकीट बुडालं असं नाही. नेमकं याच वेळी लोक घाईने दुसऱ्यांदा पैसे भरतात. आधी ‘माझी तिकिटं’ असलेलं पान आणि मेसेज पाहावेत. खात्यातून पैसे गेले पण दुकानदाराला पावतीच पोचली नाही, अशा यूपीआय व्यवहाराबद्दल रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे: व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत आले पाहिजेत, नाहीतर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई.

खुर्च्या अडवायच्या आणि घ्यायच्याच नाहीत, असा खोडसाळपणाही चालतो. विमानाच्या तिकिटांत तो यंत्रांकरवी होतो आणि त्याला ‘सीट स्पिनिंग’ असं नावही आहे. मुदत संपली की तीच जागा पुन्हा अडवायची, की खरा प्रवासी बाहेरच. म्हणून एका वेळी ठरावीक खुर्च्या, मोबाइल नंबराची पडताळणी, आणि एकाच माणसाला लागोपाठ तीच जागा अडवू न देणं, असे अडसर घालावे लागतात.

आपल्या बाईंची वेबसाइट मात्र तितकी शहाणी नव्हती. वहीत ८ म्हणजे ८च मिनिटं लिहिलेली. १०:०९:२५ ला त्यांना मेसेज आला: जागा उपलब्ध नाही, रक्कम परत केली जाईल. नवऱ्याला चार शब्द सुनावून त्या पुन्हा नकाशा उघडून बसल्या. सवाएक वाजून गेल्यासारखं वाटलं, तरी घड्याळात १०:१७ होत होते. तेवढ्यात करड्या एफ रांगेत दोन चौकोन हिरवे झाले. बारा आणि तेरा. हडपसरच्या तरुणाने नुसत्याच अडवल्या होत्या. पैसे त्याने भरलेच नव्हते.