खडीवरचा प्लास्टिकचा लेप

डांबरी रस्त्याला खड्डा पडतो तो सहसा पाण्यामुळे. वरून पाहताना रस्ता डांबराचा वाटतो, पण वजनाने पाहिलं तर त्यात ९५ टक्के दगड असतो आणि जेमतेम पाच टक्के डांबर. या पाच टक्क्यांच्या जिवावर खडीचे तुकडे एकमेकांना धरून असतात. पावसाचं पाणी बारीक फटींतून आत शिरलं, की ते दगड आणि डांबर यांच्या मध्ये घुसतं आणि हळूहळू डांबराची पकड सोडवतं. त्यावरून ट्रकचं चाक गेलं की सुटी झालेली खडी उडते, आणि एकदा एक तुकडा निघाला की शेजारचे निघायला वेळ लागत नाही. आषाढात दिसणाऱ्या खड्ड्यांची सुरुवात अशी होते.

मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी नेमक्या याच जागी, म्हणजे दगड आणि डांबर यांच्या मध्ये, टाकाऊ प्लास्टिक आणून बसवलं. पिशव्या आणि वेष्टनांचं प्लास्टिक आणि डांबर ही दोन्ही मुळात खनिज तेलाची अपत्यं, त्यामुळे ती एकमेकांना चांगली चिकटतात. प्लास्टिक पाण्याला दाद देत नाही. तापलेल्या खडीवर प्लास्टिक वितळवून त्याचा पातळ लेप चढवला, तर दगडाची बारीक छिद्रं बुजतात, पाणी आत शिरत नाही आणि वरून ओतलेलं डांबर घट्ट बसतं, असा त्यांचा विचार होता. २००२मध्ये त्यांनी महाविद्यालयाच्या आवारातच असा रस्ता करून पाहिला. पुढे या पद्धतीचं पेटंट मिळालं, आणि २०१८मध्ये वासुदेवन यांना पद्मश्री मिळाली.

या पद्धतीला ‘कोरडी पद्धत’ म्हणतात. यात प्लास्टिक डांबरात न घालता आधी दगडावर घालतात. दुसरी ‘ओली पद्धत’ आहे. तिच्यात प्लास्टिक थेट गरम डांबरात घोटून मिसळतात. ऐकायला ती सोपी वाटते, पण प्लास्टिक डांबरापेक्षा हलकं असतं. ढवळणं थांबलं की ते वर तरंगायला लागतं आणि टाकीत दोन थर होतात. ते एकजीव राखायला वेगाने घुसळणारी खास यंत्रं लागतात आणि मिश्रण फार काळ साठवता येत नाही. साध्या हॉटमिक्स प्लांटवर काम करणाऱ्या ठेकेदाराला कोरडी पद्धतच परवडते, म्हणून देशात तीच जास्त रुजली. भारतीय रस्ते काँग्रेसने २०१३मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनाही कोरड्या पद्धतीसाठीच आहेत.

प्रत्यक्ष काम सुरू होतं ते कचरा निवडण्यापासून. कॅरीबॅग, दुधाच्या पिशव्या, पातळ वेष्टनं, थर्माकोलचे कप असा माल चालतो. हा माल धुऊन, वाळवून यंत्रात कापतात आणि चाळतात. साधारण दोन ते चार मिलिमीटरचे तुकडे हाती आले पाहिजेत. प्लांटवर खडी १६५ ते १७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, तिच्यावर हा कीस टाकतात आणि अर्धा-पाऊण मिनिट फिरवतात. चिरोट्यांवर पाक चढावा तसा तेवढ्या वेळात प्रत्येक खड्यावर चकचकीत लेप चढतो. मग १६० अंशांच्या आसपास तापवलेलं डांबर मिसळलं जातं, आणि तिथून पुढे सगळं नेहमीसारखं असतं. डंपर, पेव्हर, रोलर यांत काहीच बदलावं लागत नाही. जुन्याच यंत्रसामग्रीवर काम भागतं, ही या पद्धतीची मोठी जमेची बाजू आहे.

हा लेप खरोखर काम करतो का, हे पाहण्याची एक साधी चाचणी प्रयोगशाळेत होते. डांबर लावलेली खडी काचेच्या भांड्यात, ४० अंशांच्या पाण्यात, २४ तास बुडवून ठेवतात. दुसऱ्या दिवशी भांड्यात डोकावून पाहायचं: दगड कुठे उघडा पडलाय का? साध्या खडीच्या कोपऱ्यांवर, धारांवर डांबर मागे सरलेलं दिसू शकतं. लेप नीट चढलेल्या खडीवर ते जागच्या जागी राहतं. दुसरी चाचणी ताकदीची. मिश्रणाची वडी ६० अंशांच्या पाण्यात गरम करून यंत्रात दाबतात आणि ती किती भार सोसते ते मोजतात. भर उन्हात रस्ता किती तापतो, त्याची ही नक्कल. प्लास्टिकचा लेप असलेली वडी सहसा बरीच जास्त भार सोसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने तामिळनाडूतल्या अशा काही रस्त्यांची काही वर्षांच्या वापरानंतर तपासणी करवून घेतली, तेव्हा त्यांवर खड्डे आणि खडी उखडणं फारसं आढळलं नाही. चेन्नईतला जंबुलिंगम रस्ता हे त्यातलं बहुचर्चित उदाहरण. या अनुभवावर विसंबून केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने नोव्हेंबर २०१५मध्ये डांबरी कामांत टाकाऊ प्लास्टिकचा वापर बंधनकारक केला.

इथे महाराष्ट्रातल्या वाचकाने एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. डांबराची पकड दगडाच्या जातीवरही ठरते. ग्रॅनाइट किंवा क्वार्टझाइटसारख्या, सिलिका जास्त असलेल्या दगडांवरून पाणी डांबर लवकर सोडवतं. आपल्या दख्खनचा काळा बेसाल्ट मुळातच डांबर बऱ्यापैकी धरून ठेवतो. त्यामुळे तामिळनाडूच्या खाणीतल्या दगडावर लेपाचा जेवढा फायदा दिसला, तेवढाच सातारा किंवा नगरच्या खडीवर दिसेल असं गृहीत धरता येत नाही. कामाला जी खडी येणार आहे तिच्यावरच भांड्याची चाचणी करून पाहावी लागते.

आता प्रमाणाचा प्रश्न. ‘प्लास्टिकचा रस्ता’ या शब्दांमुळे रस्ताभर प्लास्टिकच असेल असं वाटतं. रस्ते काँग्रेसच्या सूचनांनुसार प्लास्टिकचं प्रमाण डांबराच्या वजनाच्या सहा ते आठ टक्के असतं. एक किलोमीटर लांबीचा, पावणेचार मीटर रुंदीचा गावरस्ता घेऊ. त्यावर २५ मिलिमीटर जाडीचा वरचा थर द्यायचा आहे. घनफळ होतं जवळपास ९४ घनमीटर, आणि दाबून बसवलेल्या मिश्रणाचं वजन सुमारे २१५ टन. त्यात पाच टक्के म्हणजे पावणेअकरा टन डांबर. त्याच्या आठ टक्के म्हणजे सुमारे ८६० किलो प्लास्टिक. एक पिशवी पाच ग्रॅमची धरली, तर पावणेदोन लाख पिशव्या झाल्या. आकडा मोठा दिसतो, पण शंभर किलो मिश्रणात प्लास्टिक आहे फक्त चारशे ग्रॅम.

प्रदूषण मंडळाच्या अहवालानुसार २०१९-२०मध्ये देशात सुमारे ३५ लाख टन प्लास्टिक कचरा निघाला. समजा, वर्षाला असे एक लाख किलोमीटर रस्ते केले, तरी त्यात ८६ हजार टन खपेल, म्हणजे जेमतेम अडीच टक्के. आणि ते रस्ते पुढची काही वर्षं पुन्हा प्लास्टिक घेणार नाहीत. कचरा मात्र दरवर्षी नवा येत राहतो.

मग प्रमाण वाढवावं का? तसं करता येत नाही. प्लास्टिकने मिश्रण कडक होतं. उन्हात चाकाखाली दबून पन्हाळी पडू नयेत म्हणून थोडा कडकपणा हवाच, पण तो वाढत गेला की रस्ता वाकण्याऐवजी तडकतो. रबरासारखे घटक घातलेलं सुधारित डांबर वेगळं असतं. ते दाबलं की परत आकाराला येतं. पिशवीच्या प्लास्टिकमध्ये हा गुण नाही. ठरलेल्या प्रमाणापुढे जाणारा ठेकेदार कचरा खपवतो, पण पहिल्या थंडीत रस्त्यावर भेगांचं जाळं उमटण्याचा धोका पत्करतो.

कोणतं प्लास्टिक घेता येत नाही, हेही तितकंच महत्त्वाचं आहे. पीव्हीसी, म्हणजे पाइप, रेक्झिन, बॅनरचं कापड, कटाक्षाने वगळावं लागतं. डांबराच्या तापमानाला ते विघटित होऊन हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू सोडू लागतं. पाण्याच्या बाटल्यांचं पीईटी २५० अंशांपुढे वितळतं, म्हणून १७० अंशांच्या खडीवर त्याचे तुकडे जसेच्या तसे राहतात. काळ्या रंगाच्या पिशव्या वारंवार वितळवलेल्या मालाच्या असतात, तेव्हा त्याही बाद. कचऱ्यात माती असेल तर लेप धुळीवर चढतो आणि दगड कोराच राहतो. ओलावा राहिला असेल तर खडीवर पडताच वाफ उठते आणि लेप तुटक होतो. नगरपालिकेच्या मिश्र कचऱ्यातून निवडलेली, धुतलेली, वाळवलेली पिशवी हाती येईपर्यंत किती हात लागतात हे पाहिलं, म्हणजे हा ‘फुकट’ माल फुकट का नसतो ते कळतं. शिवाय स्वच्छ, एकाच जातीच्या प्लास्टिकला भंगारवाल्याकडे चांगला भाव असतो. त्यापासून पुन्हा वस्तू होऊ शकते. रस्त्यासाठी उरावा तो ज्याला दुसरा कुणी हात लावत नाही असा माल, आणि नेमका तोच निवडायला सर्वांत कष्टाचा.

प्लांटवर चुका दोन ठिकाणी होतात. पहिली जागा ड्रम प्लांटची. फिरत्या पिंपात एका टोकाला बर्नरची ज्योत असते. कीस ज्योतीच्या बाजूने टाकला, तर वितळण्याआधीच तो जळतो, धुरांड्यातून काळा, कडवट धूर निघतो आणि खडीवर लेप चढत नाही. कीस ज्योतीपासून दूर, खडी तापून पुढे सरकल्यावर पण डांबर पडण्याआधी, आत सोडावा लागतो. दुसरी जागा मोजमापाची. कट्ट्यावर उभा मजूर पोत्यातून घमेल्याने कीस टाकत असेल, तर एका घाण्यात दुप्पट आणि दुसऱ्यात काहीच नाही, असं होतं. मोजून कीस सोडणारं यंत्र असेल तर हा प्रश्न उरत नाही. बांधकाम पाहायला गेलेल्याने डांबर पडण्याआधीची मूठभर खडी मागून पाहावी. खडे सारखे तेलकट-चकचकीत दिसले तर लेप बसलाय. मॅट दगडाला चिकटलेले रंगीत ठिपके दिसले, तर एक तर खडी थंड होती किंवा कीस जाड होता.

आणखी एक मर्यादा अशी, की हा लेप फक्त वरच्या थराचा आहे. खाली मुरूम नीट दाबलेला नसेल, बाजूचं गटार तुंबलेलं असेल, साईडपट्टी रस्त्यापेक्षा उंच असेल, तर पाणी खालून शिरतं आणि अख्खा रस्ता बसतो. अशा रस्त्यावर प्लास्टिक घालून वर पाटी लावली, तरी खड्ड्याला काही फरक पडत नाही.

सर्वांत कमी अभ्यास झालाय तो रस्त्याच्या म्हातारपणाचा. झिजणाऱ्या पृष्ठभागातून प्लास्टिकचे सूक्ष्म कण पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात जातात का? लेप डांबराखाली असल्याने तो सुरक्षित राहतो असं काही जण म्हणतात, पण डांबर झिजलं की लेपही उघडा पडतो. या कणांचं, आणि प्लांटवर काम करणाऱ्या मजुरांच्या नाकातोंडात जाणाऱ्या वाफांचं, दीर्घकाळ मोजमाप व्हायला हवं. त्यातच आता जुने डांबरी थर खरवडून, तोच माल पुन्हा तापवून वापरायची पद्धत वाढते आहे. पहिल्या पिढीतले प्लास्टिकचे रस्ते नूतनीकरणाला येतील, तेव्हा खरवडलेला माल पुन्हा गरम होणार. त्यात कोणतं प्लास्टिक, किती आहे हे प्लांटचालकाला ठाऊक असलं, तर तापमान आणि धूर दोन्ही आवरता येतात. त्यासाठी प्रत्येक रस्त्याच्या मापनपुस्तिकेत, डांबर आणि खडीच्या नोंदींबरोबरच, वापरलेल्या प्लास्टिकचा प्रकार आणि वजन लिहून ठेवणं आजपासूनच सुरू करता येईल.