बोअरच्या पाण्याचा अहवाल : आकड्याशेजारचे एकक

सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी किराणा व्यापार करणाऱ्या एका कुटुंबाने घरामागील बोअरचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घेतले. घरात चार महिन्यांची नात होती आणि तिला वरचे दूध पावडरीपासून करून दिले जात असे. अहवाल हाती येताच धाकट्या पुतण्याने तो वाचला. नायट्रेट १८, मर्यादा ४५. “काका, पाणी उत्तम आहे,” असे त्याने सांगितले आणि कागद कपाटात गेला.

चूक येथेच झाली. नायट्रेटच्या ओळीत ‘NO3-N’ अशी अक्षरे होती. याचा अर्थ प्रयोगशाळेने संपूर्ण नायट्रेट न मोजता त्यातील केवळ नायट्रोजनचे वजन दिले होते. भारतीय मानक १०५०० मधील ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा मात्र संपूर्ण नायट्रेटची आहे. नायट्रोजनच्या आकड्यास ४.४३ ने गुणिले असता नायट्रेट मिळते. १८ गुणिले ४.४३ म्हणजे सुमारे ८०. मर्यादेच्या जवळजवळ पावणेदोन पट! ताळेबंदाच्या शिरोभागी ‘आकडे हजारांत’ असे लिहिलेले असते. ते न पाहता जो रक्कम वाचतो, त्याची जशी फसगत होते, तशीच ही झाली.

म्हणून अहवाल वाचताना प्रत्येक आकड्याशेजारचे एकक प्रथम पाहावे. ‘मिलिग्रॅम प्रति लिटर’ आणि ‘पीपीएम’ ही पिण्याच्या पाण्यापुरती एकच समजावीत. त्यानंतर मर्यादांचे दोन स्तंभ पाहावेत. पहिली स्वीकार्य मर्यादा. दुसरी, दुसरा स्रोतच नसेल तर चालवून घेण्याची. या कुटुंबाच्या पाण्याची कठीणता ५४० होती. स्वीकार्य मर्यादा २०० आणि दुसरी ६००. असे पाणी साबणाला फेस येऊ देत नाही, भांड्यांवर पांढरा थर धरते. परंतु दुसरा स्रोत नसल्यास ते पिता येते. नायट्रेटच्या दुसऱ्या स्तंभात मात्र ‘शिथिलता नाही’ असे लिहिलेले असते. तेथे ४५ म्हणजे ४५च.

त्याच अहवालाच्या शेवटी ‘ई. कोलाय : आढळले’ अशी नोंद होती. १०० मिलिलिटर पाण्यात हा जंतू मुळीच आढळता कामा नये, कारण तो विष्ठेतूनच येतो. नायट्रेट आणि ई. कोलाय एकत्र दिसले की बहुधा सांडपाणी मुरत असल्याची शंका घ्यावी. शोध घेता शौचालयाचा शोषखड्डा बोअरपासून जेमतेम ६ मीटरवर निघाला. हे अंतर किमान १५ मीटर तरी हवे. शिवाय केसिंग पाइप जमिनीलगत कापलेला व तोंडाशी उघडा होता.

घरात पाणी गाळून, उकळून पिण्याची रीत होती. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट मात्र जात नाही. उलट वाफेने पाणी आटते आणि त्याचे प्रमाण किंचित वाढते. यूव्ही यंत्र, कँडल फिल्टर व कठीणता घालविणारे सॉफ्टनर यांनीही ते सुटत नाही. सहा महिन्यांखालील बालकाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती नायट्रेटमुळे घटते. ओठ व नखे निळसर पडतात. म्हणून नातीच्या दुधासाठी बोअरचे पाणी त्याच दिवशी बंद करून तपासलेले दुसरे पाणी घेण्यात आले.

पुढे उपाय क्रमाने झाले. केसिंग दीड फूट उंच करून त्यावर झाकण बसविले, भोवती सिमेंटचा ओटा घातला आणि शोषखड्डा दूर हलविला. मग बोअरचे निर्जंतुकीकरण झाले. सहा इंची बोअरमध्ये दर मीटर उंचीला सुमारे १८ लिटर पाणी असते. येथे ४० मीटर पाणी होते, म्हणजे ७२० लिटर. लिटरला १०० मिलिग्रॅम क्लोरीनप्रमाणे ७२ ग्रॅम क्लोरीन लागतो. तो ३० टक्के क्षमतेच्या ताज्या ब्लीचिंग पावडरच्या २४० ग्रॅममध्ये मिळतो. पावडर बादलीत कालवून, गाळ बसू देऊन वरचे निवळलेले पाणी बोअरमध्ये ओतले, रात्रभर ठेवले आणि वास जाईपर्यंत पंपाने उपसून टाकले. तोवर ते पाणी कोणीही वापरले नाही.

आठवड्याने पुन्हा नमुना घेतला. टाकीतून नव्हे, पंपाच्या तोंडाशीच. जंतुपरीक्षणासाठी प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचविली. ई. कोलाय आढळले नाही. नायट्रेट मात्र ७६ आले, कारण खडकाच्या भेगांत मुरलेले पाणी लगेच बदलत नाही. म्हणून पिण्यासाठी आरओ यंत्र बसविले आणि त्यातून बाहेर येणाऱ्या पाण्याचीही तपासणी केली. त्यात नायट्रेट १४ होते. या वेळी पुतण्याने आकड्याआधी एकक वाचले.