बारा गाठींचा हिशेब

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा टप्पा नक्की होतो तो ऑपरेशननंतर, काढलेला तुकडा पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर गेल्यावर. गाठ केवढी होती यापेक्षा ती आतड्याच्या भिंतीत किती खोल शिरली, हे तिथे पाहतात. स्नायूच्या थरातच थांबली तर पहिला टप्पा, थर ओलांडून बाहेर आली तर दुसरा. जवळच्या एकाही लसिका ग्रंथीत कर्करोग सापडला की तिसरा, आणि यकृत-फुप्फुसांसारख्या दूरच्या अवयवांत पोहोचला असेल तर चौथा.

या ग्रंथी आतड्याला चिकटलेल्या चरबीत लपलेल्या असतात. बऱ्याचशा मसुरीच्या दाण्याएवढ्या. चरबीचे पातळ काप करून, बोटांनी चाचपत त्या एकेक शोधाव्या लागतात. किमान १२ तपासल्या जाव्यात असा दंडक आहे. समजा, रिपोर्टमध्ये ‘टी ३, ग्रंथी ०/७’ असं लिहिलं आहे. वाचायला हा दुसरा टप्पा. पण सातच ग्रंथी पाहिल्या असतील, तर आठवीत कर्करोग नव्हता हे कुणी सांगावं? ‘०/१८’ या आकड्यावर जो भरवसा ठेवता येतो, तो इथे नाही. अशा वेळी पहिला उपाय साधा आहे: फॉर्मलिनमध्ये जपून ठेवलेला तुकडा पुन्हा धुंडाळायला सांगणं.

तरीही संख्या वाढली नाही, तर केमोथेरपीचा विचार होतो. एरवी दुसऱ्या टप्प्यात तिचा फायदा थोडाच असतो. ग्रंथी कमी मिळणं, गाठ आतड्याच्या बाहेरच्या आवरणातून आरपार येणं, आतडं फुटलेलं किंवा तुंबलेलं असणं, अशी जोखीम दिसली तरच तो पुढे येतो. त्याआधी ट्यूमरची एमएमआर चाचणी हवी. त्यात दोष निघाला तर दुसऱ्या टप्प्यात कर्करोग उलटण्याची शक्यता मुळातच कमी असते, आणि नुसत्या फ्लुरोयुरासिलने फारसं काही साधत नाही.

तिसऱ्या टप्प्यात मात्र केमोचा लाभ स्पष्ट आहे. फ्लुरोयुरासिल किंवा कॅपेसिटाबिन, जोडीला ऑक्सॅलिप्लॅटिन. या दुसऱ्या औषधाने हातापायांना मुंग्या येतात आणि त्या कधी वर्षानुवर्षं राहतात. म्हणून एक ते तीनच ग्रंथी बाधित असतील आणि गाठ आवरणापार गेली नसेल, तर सहाऐवजी तीन महिन्यांचा कोर्स बहुधा पुरतो. सत्तरीपुढे ऑक्सॅलिप्लॅटिनचा वाढीव फायदा तसाही शंकास्पद.

पुढची पाच वर्षं पाळतीची. पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी रक्तातलं सीईए पाहतात. अधूनमधून छाती-पोटाचा सीटी स्कॅन आणि वर्षभराने कोलोनोस्कोपी होते. ऑपरेशनआधी १८ असलेलं सीईए नंतर ३ वर आलं आणि दीड वर्षाने ७ झालं, तर घाबरण्याआधी चाचणी पुन्हा करावी. धूम्रपानाने, यकृताच्या विकाराने, खुद्द केमोनेही ते चढतं. दुसऱ्यांदा ११ आलं, तर सीटी स्कॅन लगेच. यकृतात एखादीच गाठ सापडली, तर ती कापून काढून रुग्ण बरा होऊ शकतो. उलट, काही ट्यूमर सीईए बनवतच नाहीत. त्यामुळे आकडा नॉर्मल आला म्हणून स्कॅन चुकवू नये.