कार्ड कोणतं, यापेक्षा कार्डामागे किती पैसे?

गेल्या रमजानमधली गोष्ट. सहरीसाठी उठल्यावर माझ्या धाकट्या बहिणीच्या सुनेनं सवयीनं मोबाइल पाहिला, तर बँकेचे तीन मेसेज येऊन पडलेले. रात्री दोन वाजून गेल्यावर तिच्या डेबिट कार्डावरून 18,400, मग 22,750, मग 15,300 रुपये गेले होते. एकूण 56,450. खात्यात 64,200 होते, उरले 7,750. ना कुणाचा फोन आला होता, ना तिनं कुणाला ओटीपी सांगितला होता. ओटीपी आलाच नव्हता. तिनं पहाटेच मला फोन लावला, “मामूजान, आता काय करू?” मी आयुष्यभर बँकेच्या काउंटरवर बसलेला माणूस, म्हणून घरात असं काही झालं की पहिला फोन मलाच येतो.

झालं होतं ते असं. दोन दिवसांपूर्वी तिनं मोबाइलवर जाहिरात पाहून मुलीसाठी ईदचा शरारा मागवला होता. किंमत 1,850 रुपये, दुकान दिसायला आपल्याच देशातलं. पैसे भरताना कार्डाचा नंबर, मुदत संपण्याची तारीख आणि मागचा तीन आकडी सीव्हीव्ही एवढंच विचारलं, आणि पैसे गेले. ओटीपी विचारला नाही याचं तिला बरंच वाटलं, एक कटकट वाचली. खरं तर धोक्याची खूण तीच होती. भारतातल्या दुकानाला कार्डावर ऑनलाइन पैसे घ्यायचे असतील, तर सर्वसाधारण खरेदीत ओटीपीसारखी दुसरी खात्री करावीच लागते. परदेशातून पैसे ओढणाऱ्या दुकानांवर आजवर तशी सक्ती नव्हती. दर रुपयांत दिसला, तरी पैसे बाहेरच्या देशात जात असू शकतात.

पण तिच्या कार्डावर परदेशी व्यवहार चालू कसा होता? रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानुसार नवीन कार्ड येतं तेव्हा ते फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालतं. ऑनलाइन आणि परदेशी वापर आपण स्वतः चालू करायचा असतो. तिनं केला होता. आदल्या वर्षी दोघं उमऱ्याला गेली, तेव्हा मक्केत कार्ड चालावं म्हणून. परत आल्यावर ते बंद करायचं राहून गेलं. आपल्याकडं किती घरांत हे असंच राहून गेलं असेल, कोण जाणे. हज-उमऱ्याहून आल्यावर सामान उघडायच्या आधी बँकेचं ॲप उघडून ते बटण बंद करावं, असं मी आता सगळ्यांना सांगतो. ॲप नसेल, तर एटीएमवर किंवा बँकेच्या फोनसेवेवरही ते करता येतं.

त्या पहाटे आम्ही पहिल्यांदा कार्ड बंद केलं. बँकेच्या टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवली आणि तक्रार क्रमांक कागदावर लिहून घेतला. मग 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन. सोमवारी शाखेत जाऊन लेखी अर्ज दिला आणि त्याच्या प्रतीवर शिक्का घेतला. घाई यासाठी की, रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी दिवसांवर ठरते. चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणीतरी लबाडी केली, अशा वेळी मेसेज मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तर ग्राहकाचं नुकसान शून्य. मेसेज आला तो दिवस यात धरत नाहीत आणि सुट्ट्याही धरत नाहीत. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलं, तर साध्या बचत खात्यावर जास्तीत जास्त 10,000 रुपयांपर्यंतचा भार ग्राहकावर येतो. सात दिवसांनंतर त्या त्या बँकेचं धोरण. आणि आपण स्वतः ओटीपी किंवा पिन सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान आपलंच. तिथं कार्ड कोणतंही असो, फरक पडत नाही.

तिच्या बाबतीत बँकेनं सुरुवातीला हेच म्हणून पाहिलं, की कार्डाचा नंबर तुम्हीच त्या साइटवर भरलात. आम्ही उत्तर दिलं की तो एका खरेदीसाठी भरला होता. नंतरचे तीन व्यवहार तिनं केलेले नाहीत आणि त्यांना तिची कुठलीही संमती गेलेली नाही. ग्राहकाची चूक आहे हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच परिपत्रकानं बँकेवर टाकली आहे. कळवल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेनं ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची असते आणि तक्रारीचा निकाल 90 दिवसांत लावायचा असतो. तिला पैसे नवव्या दिवशी मिळाले, पुढं ते कायमही झाले.

म्हणजे सगळं ठीक झालं? नाही ना. नऊ कामकाजाचे दिवस म्हणजे मधले रविवार आणि सुट्ट्या धरून जवळजवळ दोन आठवडे. त्या खात्यात नवरा-बायकोचा महिन्याचा सगळा खर्च होता. मुलाच्या कॉलेजसाठी दिलेला चेक परत गेला, त्याचा दंड लागला. आणि तिनं जकातीचे म्हणून बाजूला काढलेले पैसेही त्याच खात्यात होते. गल्लीतल्या एका विधवेला ईदच्या आधी पोचवायचं कबूल केलेलं. ते तिनं शेवटी जावेकडून उसने घेऊन दिले. नियम तुमचे पैसे परत आणून देतो, मधले दिवस परत देत नाही.

आता हाच प्रकार दुसऱ्या कार्डांवर झाला असता तर?

क्रेडिट कार्ड असतं, तर 56,450 रुपये बँकेचे गेले असते. घरचं खातं जागच्या जागी राहिलं असतं, चेक वटला असता. बिलात ती रक्कम दिसली असती, आपण ‘हे व्यवहार माझे नाहीत’ असं कळवलं असतं. ग्राहकानं फसवणूक म्हणून हरकत घेतलेल्या रकमेवर, वाद मिटेपर्यंत बँकेला कोणताही आकार लावता येत नाही. तीन दिवसांचा नियम इथंही तोच. फरक एवढाच, पण मोठा आहे, की भांडण चालू असताना अडकलेला पैसा दुसऱ्याचा असतो. ऑनलाइन खरेदीसाठी क्रेडिट कार्ड सुरक्षित म्हणतात ते या अर्थानं.

पण आपल्या घरांत क्रेडिट कार्डाचा प्रश्न तिथं संपत नाही. बिलाच्या तारखेपर्यंत पूर्ण रक्कम भरली, तर व्याज लागत नाही. थोडीशी जरी शिल्लक ठेवली, तर खरेदीच्या दिवसापासून व्याज मोजतात, नव्या खरेदीवरही लगेच सुरू होतं. बिलावर जो ‘किमान देय’ आकडा छापलेला असतो, तो भरला की निभावलं असं वाटतं. व्याजात अडकवणारा आकडा नेमका तोच. पूर्ण रक्कम वेळेत भरायची पक्की तयारी असेल, तर कार्ड वापरायला हरकत नाही, असं काही आलिम म्हणतात. करारातच व्याजाची अट मान्य करावी लागते, म्हणून नकोच, असं दुसरे म्हणतात. मी बँकेतला माणूस, फतवा देणं माझं काम नाही. ज्यांच्यावर तुमचा विश्वास आहे, त्यांना विचारा. पण सुरक्षिततेसाठी क्रेडिट कार्ड घेतल्यावाचून गत्यंतर नाही, असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही.

प्रीपेड कार्डात आपण आधी पैसे भरतो आणि तेवढेच खर्च होऊ शकतात. शराऱ्यासाठी तिनं 2,000 भरले असते, तर चोराच्या हाती शंभर-दीडशे रुपये लागले असते. थोडक्या कागदपत्रांवर मिळणाऱ्या प्रकारात 10,000 पेक्षा जास्त शिल्लक ठेवताच येत नाही. गिफ्ट कार्डाचीही कमाल तेवढीच, आणि ते पुन्हा भरता येत नाही. अडचणी दुसरीकडं आहेत. कपडा आवडला नाही म्हणून परत केला, की पैसे त्याच कार्डावर येतात. आपण ते रिकामं झालं म्हणून फेकून दिलेलं असतं, मग फोनाफोनी. तेव्हा परतीची मुदत संपेपर्यंत कार्ड जपून ठेवा. शिवाय बँक नसलेल्या कंपनीच्या प्रीपेड कार्डातले पैसे म्हणजे बँकेतली ठेव नव्हे. ठेवीवरचं पाच लाखांपर्यंतचं विमा संरक्षण त्यांना नसतं. तिथं बचत साठवू नये.

प्रीपेड कार्डाचा खरा गुण ते कार्ड असण्यात नाही, त्याच्यामागे थोडे पैसे असण्यात आहे. आणि हा गुण डेबिट कार्डाला सहज देता येतो. आम्ही तेच केलं. तिच्या नावानं दुसऱ्या बँकेत साधं बचत खातं उघडलं, किमान शिल्लक लागत नाही असं. त्याचं डेबिट कार्ड फक्त ऑनलाइन खरेदीसाठी. काही घ्यायचं असलं की तेवढे पैसे मुख्य खात्यातून तिकडं वळवायचे, मग पैसे भरायचे. मुख्य खात्याच्या कार्डावर ऑनलाइन आणि परदेशी, दोन्ही वापर बंद. एटीएमपुरतं ते चालतं.

हे करताना मी एक गोष्ट मुद्दाम तपासली. काही खात्यांना मुदत ठेव जोडलेली असते आणि शिल्लक कमी पडली की ठेव आपोआप मोडून पैसे येतात. खरेदीच्या खात्याला अशी जोडणी असली, तर ते खातं रिकामं दिसतं, पण चोराला रिकामं नसतं. तसंच, एसएमएस याच खात्यासाठीही हातातल्या मोबाइलवरच यायला हवेत. बऱ्याच ठिकाणी नंबर बंद पडलेल्या जुन्या सिमचा असतो.

कार्ड साइटवर साठवून ठेवण्याबद्दल तिनं विचारलं. भारतातल्या दुकानांना ऑक्टोबर 2022 पासून कार्डाचा पूर्ण नंबर स्वतःकडं ठेवता येत नाही, त्याऐवजी एक सांकेतिक क्रमांक ठेवतात, तो दुसऱ्या दुकानात चालत नाही. परदेशी साइटवर मात्र ‘कार्ड जतन करा’ची खूण काढून टाकायची.

शरारा काही आला नाही. त्या 1,850 ची तक्रार वेगळी करावी लागली, कारण तो व्यवहार तिनं स्वतः केलेला होता. वस्तू न मिळाल्याची हरकत बँकेमार्फत कार्डाच्या यंत्रणेकडं पाठवता येते, डेबिट कार्डावरही. त्यासाठी ऑर्डरचा मेसेज, पोचण्याची सांगितलेली तारीख आणि दुकानदाराला केलेल्या विचारणेची प्रत लागते. तिनं जाहिरातीचा फोटोसुद्धा काढून ठेवलेला नव्हता, आणि तोवर ती साइट उघडेनाशी झाली होती. मुलीनं ईदला मागल्या वर्षीचाच शरारा घातला, खाली चार बोटं पट्टी लावून.